दोन व्याज तारखांच्या मधे घेतलेला बाँड: विकणाऱ्याला दिलेलं व्याज आणि पहिल्या कूपनची नोंद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बागायतदार, ट्रॉलरमालक आणि घरगुती निवासवाले थेट सरकारी बाँड घेऊ लागले आहेत. खरेदी मोबाइलवर होते, अडचण येते ती वही लिहिताना. खात्यातून बाँडच्या किमतीपेक्षा जास्त रक्कम जाते आणि तीन महिन्यांनी सहा महिन्यांचं व्याज येतं. हिशेब लिहायला बसलं की या दोन गोष्टींपाशी गाडी हमखास अडते. माझ्या टेबलावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. त्यातला बाँड काल्पनिक आहे, हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

उदाहरण कोणतं?

देवगडचे एक बागायतदार आहेत. वाशीच्या दलालाकडून हंगामाची शेवटची पट्टी जूनमध्ये आली आणि त्यातून त्यांनी ५,००,००० रुपये दर्शनी किमतीचा सरकारी बाँड दुय्यम बाजारातून, म्हणजे आधीच्या धारकाकडून घेतला. व्याजदर ७.२० टक्के. व्याज वर्षातून दोनदा मिळतं, १४ मार्च आणि १४ सप्टेंबरला. म्हणजे वर्षाचे ३६,००० आणि प्रत्येक खेपेला १८,००० रुपये. सौदा मंगळवारी, २३ जून २०२६ ला झाला आणि सेटलमेंट दुसऱ्या दिवशी, २४ जूनला. भाव ठरला १०१.२० रुपये, म्हणजे दर १०० रुपये दर्शनी किमतीमागे १०१.२० रुपये.

या भावाने बाँडची किंमत होते ५,०६,००० रुपये. खात्यातून गेले ५,१६,०००.

वरचे १०,००० रुपये कसले? दलाली का?

नाही, दलालीशी त्यांचा संबंध नाही. हे विकणाऱ्याचं व्याज आहे. त्याने १४ मार्चपासून २३ जूनपर्यंत बाँड सांभाळला, त्या दिवसांचं व्याज त्याने कमावलं, पण ते अजून सरकारकडून यायचं आहे. सप्टेंबरमध्ये सरकार १८,००० रुपये देईल ते त्या दिवशी बाँड ज्याच्या नावावर असेल त्याला. मधे बाँड कुणाकुणाच्या हातांतून गेला हे सरकार पाहत नाही, दिवस मोजून वाटणीही करत नाही. ती वाटणी घेणारा आणि विकणारा सेटलमेंटच्याच दिवशी आपसांत उरकतात. घेणारा विकणाऱ्याचा वाटा आगाऊ देतो आणि सप्टेंबरमध्ये पूर्ण कूपन घेऊन तो वसूल करतो.

या रकमेला उपार्जित व्याज म्हणतात. बँकांच्या कागदांत ब्रोकन पिरियड इंटरेस्ट असंही लिहिलेलं दिसेल. बाजारात बोलला जाणारा १०१.२० हा भाव या व्याजाविना असतो, त्याला क्लीन प्राइस म्हणतात. व्याज धरून झालेला १०३.२० हा भाव म्हणजे डर्टी प्राइस. स्क्रीनवर क्लीन प्राइस दिसते आणि खात्यातून डर्टी प्राइसने पैसे जातात.

१०,००० हा आकडा आला कसा?

भारत सरकारच्या मुदती बाँडमध्ये प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात. १४ मार्च ते १४ जून हे तीन महिने म्हणजे ९० दिवस. १४ जून ते २४ जून आणखी १०. एकूण १००. सेटलमेंटचा दिवस विकणाऱ्याच्या वाट्याला येत नाही, त्या दिवसापासून व्याज घेणाऱ्याचं.

३६,००० गुणिले १००, भागिले ३६०: बरोबर १०,०००.

एक्सेलमध्ये पडताळायचं तर A1 मध्ये मागची व्याज तारीख आणि B1 मध्ये सेटलमेंटची तारीख लिहा:

```
=500000*7.2%*DAYS360(A1,B1)/360
```

चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली म्हणजे सेटलमेंटऐवजी सौद्याची तारीख धरणं. तसं केलं तर ९९ दिवस येतात आणि शंभर रुपयांचा फरक पडतो. दुसरी म्हणजे कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजणं. तसे ते १०२ भरतात, कारण मार्च आणि मे ३१ दिवसांचे आहेत. खासगी कंपन्यांच्या बाँडमध्ये मात्र खरे दिवसच मोजतात. हाच बाँड कंपनीचा असता तर १०२ दिवसांचे, वर्ष ३६५ दिवसांचं धरून, १०,०६०.२७ रुपये झाले असते. म्हणून आपला आकडा समोरच्या कागदाशी जुळला नाही की आधी बाँड कुणाचा आहे ते पाहावं, मगच फोन उचलावा.

एक बारकावा इथेच सांगतो. १४ मार्च २०२६ ला शनिवार होता, तोही दुसरा, म्हणजे बँका बंद. मागचं कूपन प्रत्यक्षात सोमवारी, १६ मार्चला जमा झालं असणार. तरी दिवस मोजायचे ते १४ पासूनच.

खरेदीच्या दिवशी वहीत काय लिहायचं?

दोन रकमा दोन वेगळ्या खात्यांत लिहायच्या. रोजकीर्दीतली नोंद अशी, २४ जून:

बाँड गुंतवणूक खाते नावे ५,०६,०००
खरेदीपूर्व व्याज येणे खाते नावे १०,०००
बँक खाते जमा ५,१६,०००

‘खरेदीपूर्व व्याज येणे’ हे नाव मी ठेवलेलं आहे, तुम्ही दुसरं ठेवा. टॅलीमध्ये ते चालू मालमत्तेच्या गटात उघडावं. सरकारकडून येणं असलेली ती रक्कम आहे, खर्च नाही. एका वेळी तीन-चार बाँड घेतले असतील तर प्रत्येकाचं खातं वेगळं उघडा. एकाच खात्यात सगळे टाकले की कुठल्या बाँडचं व्याज परत आलं आणि कुठल्याचं बाकी आहे ते मार्चमध्ये शोधत बसावं लागतं.

पहिलं कूपन आलं की?

१८,००० पैकी १०,००० ही आपण दिलेल्या रकमेची परतफेड आहे. आपली कमाई उरलेली ८,०००, म्हणजे २४ जून ते १४ सप्टेंबर या ८० दिवसांची. नोंद:

बँक खाते नावे १८,०००
खरेदीपूर्व व्याज येणे खाते जमा १०,०००
बाँड व्याज उत्पन्न खाते जमा ८,०००

आता खरेदीपूर्व व्याजाचं खातं शून्यावर आलं पाहिजे. काम बरोबर झालं का, हे तपासायची ही सगळ्यांत सोपी जागा. पहिलं कूपन येऊन गेल्यावरही तिथे बाकी दिसत असेल तर एक तर खरेदीची रक्कम चुकली आहे किंवा कूपन आख्खं उत्पन्नात गेलं आहे.

दुसऱ्या कूपनपासून असली भानगड नाही. मार्च २०२७ चे १८,००० पूर्ण आपलेच.

१४ सप्टेंबर २०२६ ला तर गणेश चतुर्थी आहे. व्याज येईल का?

त्या दिवशी नाही. कूपनची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात, म्हणजे इथे १५ तारखेला. रक्कम १८,००० च राहते, एका दिवसाचं जादा व्याज मिळत नाही. आणि तो जादा दिवस धरून ८१ दिवसांचं उत्पन्नही लिहायचं नाही. घरात गणपती बसलेला असताना बँकेचा मेसेज का आला नाही म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही. (मुद्दल परत मिळण्याची तारीख सुट्टीवर आली तर नियम उलटा आहे, पैसे आदल्या कामाच्या दिवशी मिळतात.)

सगळे ५,१६,००० गुंतवणुकीत आणि सगळे १८,००० उत्पन्नात लिहिले तर काय बिघडतं?

हे मी सगळ्यांत जास्त वेळा पाहतो, कारण बँकेच्या पासबुकात तशा दोनच ओळी असतात आणि वही लिहिणारा त्या दोन ओळींच्या दोन नोंदी करून मोकळा होतो. तेरीज जुळते, म्हणून चूक लक्षात येत नाही.

बिघडतं ते असं. पहिल्या वर्षी उत्पन्न १०,००० ने फुगतं आणि ताळेबंदात बाँड १०,००० ने महाग दिसतो. पुढे मुदत संपून ५,००,००० आले की वहीत १६,००० चा तोटा उभा राहतो. त्यातले ६,००० खरे आहेत, कारण आपण १०० चा बाँड १०१.२० ला घेतला होता. उरलेले १०,००० कधी गेलेलेच नाहीत. ते पहिल्याच कूपनमध्ये परत आले होते आणि आपण त्यांना उत्पन्न म्हटलं होतं.

लेखा मानक १३ गुंतवणुकीबद्दल आहे आणि त्याचंही म्हणणं हेच आहे. खरेदीच्या किमतीत आधीच साचलेलं व्याज आलं असेल तर पुढे मिळालेलं व्याज खरेदीआधीच्या आणि नंतरच्या काळात वाटायचं, आणि आधीच्या काळाचा भाग खरेदी खर्चातून वजा करायचा. त्या वाटेने गेलात तर आधी ५,१६,००० गुंतवणुकीत लिहून सप्टेंबरमध्ये त्यातून १०,००० कमी करता. शेवट तोच. मला वेगळं खातं बरं वाटतं, कारण बाकी शून्य झाली की नाही ते एका नजरेत कळतं.

आमचा लेखनिक ते १०,००० व्याज उत्पन्न खात्यालाच नावे टाकतो. चालेल?

देवगडच्या उदाहरणात चालेल. जूनमध्ये १०,००० नावे, सप्टेंबरमध्ये १८,००० जमा, निव्वळ ८,०००. खरेदी आणि पहिलं कूपन एकाच आर्थिक वर्षात असेल तोवर उत्तर बरोबर येतं.

पण मधे ३१ मार्च आला की पद्धत फसते. समजा दुसऱ्या एका बाँडच्या व्याज तारखा १४ मे आणि १४ नोव्हेंबर आहेत. दर आणि दर्शनी रक्कम तीच. बाग करारावर दिल्याचे आगाऊ पैसे फेब्रुवारीत आले आणि २४ फेब्रुवारीला हा बाँड घेतला. १४ नोव्हेंबरपासून पुन्हा १०० दिवस भरतात, म्हणजे विकणाऱ्याला १०,००० दिले. लेखनिकाने ते व्याज खात्याला नावे टाकले. ३१ मार्चला नफातोटा पत्रकात व्याजाचं खातं उणे १०,००० दाखवणार. सव्वा महिना बाँड सांभाळून तुम्ही व्याजात तोट्यात! आणि पुढच्या वर्षी मेमध्ये १८,००० चं घबाड.

खरं चित्र असं आहे. १४ नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत १३७ दिवसांचे १३,७०० रुपये साचले (मार्चची ३१ तारीख या हिशेबात मोजतच नाहीत). त्यातले १०,००० विकणाऱ्याचे, आपली कमाई ३,७००. म्हणून ३१ मार्चला अशी नोंद हवी:

येणे व्याज खाते नावे ३,७००
बाँड व्याज उत्पन्न खाते जमा ३,७००

तेव्हा ताळेबंदात दोन येणी मिळून १३,७०० दिसतील. मेमध्ये १८,००० आले की त्यातून आधी ही दोन्ही खाती मिटवायची, मग उरलेले ४,३०० नव्या वर्षाचं उत्पन्न. लेखनिकाची सवय सुटत नसेल तर निदान ३१ मार्चला त्याने १३,७०० चं येणं उभं करावं. तेवढ्याने व्याज खात्याची बाकी ३,७०० वर येते.

देवगडच्या बाँडलाही मार्चअखेरची नोंद लागतेच, फक्त छोटी. १४ मार्च २०२७ चं कूपन आल्यानंतर महिनाअखेरपर्यंतचे १७ दिवस, म्हणजे १,७०० रुपये येणे. ही सगळी चर्चा व्यापारी पद्धतीने वही ठेवणाऱ्यांसाठी आहे. रोख पद्धतीत मार्चअखेरचं येणं उभं करत नाहीत.

मग आयकरात ८,००० दाखवायचे की १८,०००?

इथे वही आणि कर यांची वाट वेगळी होऊ शकते, म्हणून सावकाश वाचा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या विजया बँक प्रकरणात म्हटलं की रोखे घेताना साचलेल्या व्याजापोटी दिलेली रक्कम ही रोख्याच्या किमतीचाच भाग आहे, व्याजाच्या उत्पन्नातून ती खर्च म्हणून वजा करता येत नाही. पुढे बँकांची बरीच प्रकरणं झाली. १६ ऑक्टोबर २०२४ ला बँक ऑफ राजस्थान प्रकरणात त्याच न्यायालयाने निकाल दिला तो बँकांच्या बाजूने: रोखे व्यापारी साठा म्हणून ठेवले असतील तर हे व्याज वजावट म्हणून मिळतं. मुदतीपर्यंत गुंतवणूक म्हणून ठेवलेल्या रोख्यांना ती सवलत त्यातून मिळत नाही.

आपले बागायतदार बाँडचा व्यापार करत नाहीत, ते गुंतवणूकदार आहेत. सावध वाट धरायची तर करासाठी १८,००० व्याज दाखवावं आणि दिलेले १०,००० बाँडच्या खरेदी किमतीत धरावेत, म्हणजे विक्री किंवा परतफेडीच्या वेळी भांडवली नफातोट्यात ते उपयोगी येतात. दुसऱ्या बाजूला, जी रक्कम उत्पन्न नाहीच तिच्यावर कर का, हा प्रश्नही रास्त आहे आणि ८,००० दाखवणारे लोक आहेत. माझं मत विचाराल तर दहा हजारांसाठी वाद ओढवून घेण्यात राम नाही, पण दर्शनी रक्कम पन्नास लाख असेल तर निर्णय आपल्या सीएंनी घ्यावा. काही ठरवलं तरी १०,००० चा आकडा वहीत वेगळा दिसला पाहिजे. तो गुंतवणुकीत विरघळला तर पाच वर्षांनी तो सिद्ध करायला जुने कागद उपसावे लागतील.

पैसे तर आंब्याचे आहेत. मग हे व्याज शेतीचं उत्पन्न नाही का?

नाही. स्वतःच्या बागेतल्या आंब्याचं उत्पन्न शेतीचं, त्यातून घेतलेल्या बाँडचं व्याज करपात्र. व्याज बागेच्या खात्यात जमा केलेली वही दर वर्षी एखादी तरी येते. बाँडसाठी वेगळं पान ठेवा.

कंपनीच्या बाँडवर टीडीएस कापला गेला. नोंद कशी?

साध्या मुदती सरकारी बाँडच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत. डीमॅटमधल्या नोंदणीकृत कंपनी बाँडना पूर्वी सूट होती, ती १ एप्रिल २०२३ पासून गेली. कापणारा १० टक्के कापतो तो पूर्ण कूपनवर. त्यातले १०,००० तुम्ही विकणाऱ्याला देऊन बसला आहात हे कंपनीला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असून तिला काही करताही येत नाही.

हिशेब सोपा राहावा म्हणून तेच आकडे घेतो. बँकेत १६,२०० येतील:

बँक खाते नावे १६,२००
टीडीएस येणे खाते नावे १,८००
खरेदीपूर्व व्याज येणे खाते जमा १०,०००
बाँड व्याज उत्पन्न खाते जमा ८,०००

टीडीएस पूर्ण लिहा, ८,००० वर मोजून ८०० लिहू नका. २६एएस मध्ये तुमच्या नावावर १८,००० व्याज आणि १,८०० कपात दिसणार. विवरणपत्रात ८,००० दाखवायचं ठरवलं असेल तर हा फरक विभागाच्या संगणकाला दिसणार आणि त्याचं उत्तर तयार ठेवावं लागणार, हेही लक्षात असू द्या.

आगाऊ दिलेल्या १०,००० वर आपलं काही नुकसान होतं का?

थोडंसं. ८० दिवस ते पैसे बिनव्याजी अडकतात. वर्षाला ७ टक्क्यांनी धरलं तर साधारण १५५ रुपये. मुदतपूर्तीचा परतावा, म्हणजे यील्ड, काढताना एकूण दिलेली रक्कम धरलेली असते, त्यामुळे हे नुकसान त्यात आलेलंच असतं. ‘व्याज द्यावं लागू नये म्हणून कूपनच्या दुसऱ्या दिवशी घेऊ’ असं म्हणत दोन-तीन महिने पैसे बचत खात्यात ठेवणारे भेटतात. त्यांचं नुकसान यापेक्षा मोठं असतं.

कॉन्ट्रॅक्ट नोटवर उपार्जित व्याज वजा चिन्हाने आलं. चूक आहे का?

कंपनीच्या बाँडमध्ये असं होऊ शकतं. व्याज कुणाला द्यायचं ते कूपनच्या काही दिवस आधीच्या रेकॉर्ड तारखेला ठरतं. तुमची सेटलमेंट त्या तारखेनंतर आणि कूपनच्या आधी झाली तर येणारं आख्खं कूपन विकणाऱ्याच्या खात्यात जाईल. मधले उरलेले दिवस मात्र बाँड तुमच्याकडे आहे, म्हणून त्या दिवसांचं व्याज तो तुम्हाला किमतीतून कमी करून देतो. ती रक्कम बाँडच्या किमतीतून वजा करून टाकू नका. बाँड क्लीन प्राइसनेच लिहा आणि वजा रक्कम कूपनच्या तारखेपर्यंतचं आपलं व्याज उत्पन्न म्हणून जमा करा. सरकारी बाँडमध्ये कूपनआधीचा बंद काळ फक्त एका दिवसाचा असतो आणि त्या काळात हस्तांतरच होत नाही, त्यामुळे तिथे ही वेळ येत नाही.

पहिलं कूपन यायच्या आधीच बाँड विकला तर?

मग तुम्ही विकणाऱ्याच्या जागी जाता. देवगडच्या बागायतदारांनी २४ ऑगस्टच्या सेटलमेंटने बाँड विकला असं धरा. १४ मार्चपासून १६० दिवस, म्हणजे नवा घेणारा त्यांना १६,००० उपार्जित व्याज देईल. त्यातले १०,००० खरेदीपूर्व व्याजाच्या खात्यात जमा करून ते मिटवायचं आणि ६,००० व्याज उत्पन्नात घ्यायचे. बाँडचा नफातोटा फक्त क्लीन प्राइसवर काढायचा: १०१.२० ला घेतला, कितीला विकला. १६,००० विक्रीच्या किमतीत मिसळले तर व्याज भांडवली नफा म्हणून दिसेल, आणि त्या दोघांचा कर सारखा नसतो.